फिनास्टेराइड: फॉरवर्डमधलं खरं किती?

“भावांनो, केसांसाठी ती फिनास्टेराइडची गोळी चुकूनही घेऊ नका. मर्दानगी कायमची जाते. सोडली तर आधीपेक्षा जास्त टक्कल पडतं, म्हणून आयुष्यभर गुलामी. डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत.”

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, दादरला दवाखाना आहे. हे फॉरवर्ड दाखवणारे पेशंट नेहमी येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी टकलाचं. लालबागच्या एका मुलाने २३ व्या वर्षी गोळी सुरू केली, २७ व्या वर्षी कंटाळून बंद केली. वर्षभरात डोक्याच्या मागचा भोवरा उघडा पडला आणि तो मोबाइलमधला जुना फोटो घेऊन आला, “बघा डॉक्टर, आधी एवढं नव्हतं.” बरोबर आहे, नव्हतंच. पण तो फोटो त्याच्या २३ व्या वर्षीचा होता. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचा हार्मोन बनतो आणि ज्यांच्या मुळांना आनुवंशिकतेने तो सोसत नाही, त्यांचे केस बारीक होत जातात. १ मिलिग्रॅमची रोजची गोळी रक्तातला डीएचटी दोन तृतीयांशाच्या आसपास खाली आणते, एवढंच तिचं काम. मूळ कल तसाच राहतो. पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला पंप चालू असतात तोवर पाणी कमी, बंद केले की जेवढं साचायचं तेवढं साचतं. म्हणजे गोळीविना हा मुलगा या वयात जिथे असता, साधारण तिथे तो आला. पंपामुळे जास्तीचं पाणी आलं असं कोणी म्हणत नाही.

गुलामी म्हणाल तर तेवढी खरी. फायदा टिकवायचा तर गोळी चालूच ठेवावी लागते. सोडायला मात्र कोणाची आडकाठी नाही आणि डोस हळूहळू उतरवण्याचीही गरज नसते. हाती काय लागतं? मूळ चाचण्यांत दोन वर्षांनी, गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ८३ जणांचे भोवऱ्यावरचे केस मोजणीत कमी झाले नव्हते; औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत असे २८ होते. कपाळाच्या कोपऱ्यांवर परिणाम कमी दिसतो, आणि तुळतुळीत झालेल्या जागेवर तर आशाच ठेवू नका.

आता मर्दानगी. त्याच चाचण्यांत लैंगिक तक्रार (इच्छा कमी, ताठरता कमी, वीर्य कमी) गोळीवाल्यांत ३.८ टक्के आणि बिनऔषधी गोळीवाल्यांत २.१ टक्के होती. बहुतेकांची तक्रार गोळी बंद केल्यावर, काहींची तर ती चालू असतानाच गेली. शिवाय भीतीचाही वाटा असतो. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या २००७ च्या एका इटालियन अभ्यासात, ज्यांना दुष्परिणाम आधी सांगितले त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्क्यांनी लैंगिक तक्रार केली. न सांगितलेल्यांत हेच प्रमाण १५ टक्के होतं.

म्हणून सगळं मनाचे खेळ म्हणून झटकायचं का? अजिबात नाही. गोळी सोडूनही तक्रार राहिल्याच्या नोंदी आहेत आणि २०१२ पासून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तसं छापलेलं असतं. त्या प्रत्येकात दोष गोळीचाच, हे सिद्ध झालेलं नाही, पण धोका शून्य आहे असं मी पेशंटला सांगत नाही. मनःस्थितीचंही तसंच. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर मी सहसा ही गोळी लिहीत नाही. घेत असताना मन उगाच खचायला लागलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. गोळी बंद करा आणि लगेच डॉक्टरला गाठा. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू आहेत आणि वीर्य तपासणीत आकडे आधीच कमी आहेत, अशांनाही थांबायला सांगतो.

डॉक्टर सांगत नाहीत, हा आरोप मात्र पुष्कळदा खरा. दोन मिनिटांत चिठ्ठी फाडणारे आमच्यातही आहेत. निदान एवढं करून घ्या: सुरू करण्यापूर्वी कोरड्या केसांचा, एकाच ट्यूबलाइटखाली, भोवऱ्याचा फोटो काढा आणि इच्छा, ताठरता, झोप, मूड आज कसे आहेत ते लिहून ठेवा. नाहीतर चार महिन्यांनी आठवणीवर भांडत बसाल. सुरुवातीला काहींचे केस जास्त गळतात, त्यावरून निकाल लावू नका. सहा महिन्यांनी बघा, बाराव्या महिन्याला ठरवा. वर्षाच्या फोटोत फरक नसेल आणि गळतीही तशीच असेल, तर पुढे ओढण्यात अर्थ नाही.

पैसे वाचवायला ५ मिलिग्रॅमची गोळी आणून ब्लेडने चार तुकडे करणारेही भेटतात. घरात गरोदर बाई असेल तर हे करू नका. तुटलेल्या गोळीचा चुरा तिच्या हाताला लागू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. आणि पुढे कधी प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी केली, तर गोळी चालू असल्याचं डॉक्टरला सांगा. या औषधाने तो आकडा साधारण निम्मा दिसतो.