मशीन तुझ्याकडेच आहे!

वादात कधीच हरायचं नसेल तर एक गोष्ट पक्की करा: आरोप आपण ठोकायचा, पुरावा समोरच्याने शोधायचा.

परवा शेजारच्या काकांनी मला याचं प्रात्यक्षिकच दिलं. "माझं ड्रिल मशीन तुझ्याकडेच आहे." म्हटलं, काका, मी नेलंच नाही. "मग नेलं नाहीस हे सिद्ध कर!" आता न नेलेल्या वस्तूची पावती कोण ठेवतं?

आणि मी मूर्खासारखा सिद्ध करायला बसलो. कपाटं उघडली, माळा दाखवला, पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. मशीन नाही. काका शांतपणे म्हणाले, "लपवलं असशील." हे वाक्य तोंडपाठ करा. सापडलं तर नेलं, नाही सापडलं तर लपवलं, आणि कपाट उघडायला नकार दिला असता तर मनात काळंबेरं. घरात काहीही निघो, आरोपाला ओरखडाही उठत नाही. दोन दिवसांनी मशीन त्यांच्याच घरात, जुन्या चादरींच्या गठ्ठ्याखाली निघालं. वाटलं, सुटलो. तर म्हणे, "गुपचूप आणून ठेवलंस ना?"

'नाही हे सिद्ध झालं नाही, म्हणजे आहे', असं ठणकावून सांगत चला.

कोणी विचारलंच, "काय दिसलं तर तुम्ही चूक मान्य कराल?", तर लगेच त्याच्या वयाचा विषय काढा.

पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये चिनी मातीची एक किटली सूर्याभोवती फिरते आहे, पण ती इतकी लहान की कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही, असं म्हटलं तर ते कोणाला खोडून काढता येणार नाही. म्हणून ते मानायचं का, असं ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने १९५२ साली विचारलं होतं. बिचाऱ्याला किटलीसाठी इतक्या लांब जावं लागलं, आमच्या जिन्यात भागलं असतं.

नाही, बास झालं आता. अहो, 'दिसलं नाही' यालाही किंमत असते, पण वस्तू असती तर जिथे दिसलीच असती तिथे नीट शोधल्यावर. ड्रिल मशीन म्हणजे सुई नव्हे. दोन खोल्या उलथ्यापालथ्या करून ते निघत नाही, तर ते त्या खोल्यांत नाही. जगात कुठेच लपवलेलं नाही हे मात्र मी जन्मात दाखवू शकणार नाही, आणि ते माझं कामही नाही. आरोप तुमचा आहे ना? मग कधी नेलं, कोणी पाहिलं ते तुम्ही सांगा. लपवलं म्हणता, तर कुठे ते शोधायच्या आधी बोला; तिथे नाही निघालं तर चुकलो म्हणा. झडती झाल्यावर नवी जागा काढायची, हा कुठला न्याय? लाज वाटली पाहिजे!

आणि काका, ती शिडीही माझ्याकडे नाही.