लग्नानंतर बँकेत नाव बदलताना: स्पेलिंगच्या तक्रारीला उत्तर

"तुम्ही लिहिलंय मॅरेज सर्टिफिकेट दिलं की नाव बदलतं. मी दिलं, तरी बँकेनं अर्ज परत केला, म्हणे आधी आधार बदला. सर्टिफिकेटवर Chougale आहे, मिस्टरांच्या आधार-पॅनवर Chougule. दोन चकरा फुकट गेल्या. अर्धवट माहिती कशाला देता?"

ताई, तुमचा राग बरोबर आहे, स्पेलिंगचा मुद्दा मी लिहायला पाहिजे होता.

पण आधी आधार बदलाच असं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमात आहे की जुन्या नावाचं आधार असलं तरी चालतं, फक्त सोबत सरकारी विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र हवं. तुमचा अर्ज खरा अडकलाय तो त्या एका अक्षरावर. अर्जात तुम्ही Chougule मागितलं असणार आणि पुराव्यात Chougale, मग सिस्टीममध्ये कशाच्या आधारावर भरणार? मराठीत चौगुले, चौगले आपण सहज एकच धरतो, बँक अक्षर न् अक्षर बघते.

माझ्या मावसबहिणीचं अगदी हेच झालं होतं, माहेरची पाटील, सासर चौगुले. तिला कुणीतरी म्हणालं, राहू दे, Chougale च लाव. मी नको म्हटलं, कारण पुढं जॉइंट होम लोनला नि पोरांच्या कागदांना दरवेळी नवरा-बायकोचं आडनाव वेगळं का, हे सांगत बसावं लागलं असतं. मग जिथं लग्नाची नोंद झाली तिथंच दुरुस्तीचा अर्ज दिला, नवऱ्याचं आधार नि पॅन जोडून. कोल्हापूर शहरात नोंद असेल तर महापालिका, गावात असेल तर ग्रामपंचायत. दुरुस्त दाखला हातात आल्यावरच बँकेत गेली.

तिथं परत एक अडचण, सही! तिनं अर्जावर नव्या आडनावाची सही केली आणि रेकॉर्डला पाटीलची, जुळेना. अर्जावर जुनी सही करायची आणि नवी सही वेगळी, नमुना म्हणून द्यायची. बाकी पासबुक, फोटो, आधार-पॅनच्या सही केलेल्या झेरॉक्स, आणि दाखला मूळ प्रत दाखवायला न्यायचा. अर्जात कस्टमर आयडी लिहा, म्हणजे त्याखालच्या एफडीसुद्धा सुटणार नाहीत.

आणि लग्नात पहिलं नावपण बदललं असेल, आपल्याकडं अजून बदलतात, तर नुसत्या दाखल्यावर भागत नाही, राजपत्र करून घ्या.

बँकेचं झालं की पॅन लगेच बदला, लांबवू नका. खात्यावर नवं नाव आणि पॅनवर जुनं राहिलं तर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर खातं व्हॅलिडेट होताना अडतं आणि रिफंड लटकतो.

दुरुस्त दाखला देऊनसुद्धा परत "आधी आधार" म्हणाले तर कारण लेखी मागा, आणि बँकेकडं लेखी तक्रार करून पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालकडं तक्रार करता येते, फी नाही.