भाडं 60,000, खात्यात 41,280: एका रिव्ह्यूला आमचं उत्तर

★☆☆☆☆ «पुण्यातला फ्लॅट यांच्याकडे सांभाळायला दिला आणि पस्तावले. भाडं 60,000 ठरलं, खात्यात येतात 41,280. माझ्या मैत्रिणीचा भाडेकरू फक्त 2 टक्के कापतो, मग माझाच का एवढा? मागची शिल्लक धरून 9 लाख सिडनीला पाठवायचे म्हटलं तर कागदांवर कागद. हे लोक मालकाचे नाहीत, भाडेकरूचे आहेत.»

नमस्कार मॅडम,

दर महिन्याला एवढी रक्कम कमी आलेली पाहून राग येणारच. उत्तर सविस्तर लिहितोय, कारण परदेशात राहणाऱ्या बऱ्याच मालकांना हाच प्रश्न पडतो. आकडे तुम्ही जाहीर केलेत तेवढेच वापरतो. तुमची बाकीची कागदपत्रं इथे येणार नाहीत.

आधी कपातीबद्दल. भाड्यावर किती टीडीएस कापायचा हे मालक भारताचा रहिवासी आहे की नाही यावर ठरतं. मालक अनिवासी असेल तर 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 195 लागतं. त्यात 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. 60,000 वर ते 18,720 होतात. इथे किमान भाड्याची अट नाही. भाडं 10,000 असतं तरी कापावंच लागलं असतं. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे आहेत. मी खाली 2024-25 या वर्षाचा हिशेब देतोय, म्हणून जुनेच क्रमांक ठेवतो.)

तुमच्या भाडेकरूने यासाठी स्वतःच्या नावाने टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढला. दर महिन्याचा कर तो पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरतो आणि दर तिमाहीला कपातीचं विवरण, म्हणजे फॉर्म 27Q, दाखल करतो. हे त्याने केलं नसतं तर आयकर खात्याने कसूरदार म्हणून त्यालाच धरलं असतं: न कापलेला कर, त्यावर महिन्याला 1 टक्का व्याज, आणि विवरण उशिरा भरलं तर दिवसाला 200 रुपये वेगळे. एका नोकरदार माणसावर ही जोखीम टाकून तुम्हाला पूर्ण भाडं मिळवून देणं मला पटत नाही. आणि ते तुमच्याही हिताचं नाही, कारण पैसे बाहेर पाठवताना कर भरल्याचा पुरावा तुमच्याकडेच मागितला जातो.

मैत्रिणीच्या 2 टक्क्यांचा अर्थ दोनपैकी एक असू शकतो. एक म्हणजे त्यांच्याकडे कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आहे. मग सगळं ठीक. दुसरं म्हणजे त्यांचा भाडेकरू फॉर्म 26QC भरून कलम 194-IB खाली कापतोय. ते कलम महिन्याला 50,000 च्या वर भाडं देणाऱ्या व्यक्तींसाठी आहे आणि ऑक्टोबर 2024 पासून त्याचा दर 2 टक्के आहे, पण ते फक्त निवासी मालकाला लागू होतं. तिथे टॅन लागत नाही, पॅनवर काम भागतं, म्हणून लोक तीच वाट धरतात. ओळखायचं सोपं आहे: मैत्रिणीने आपलं 26AS, म्हणजे आयकर खात्याकडचं करकपातीचं पत्रक, उघडून कपातीसमोर कोणतं कलम लिहिलंय ते बघावं. 195 ऐवजी 194IB दिसलं, तर भाडेकरूला नोटीस येण्याआधी दोघांनी कर सल्लागाराकडे जावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कापलेले पैसे बुडालेले नाहीत. 2024-25 मध्ये तुमचं वर्षाचं भाडं 7,20,000 आणि कपात 2,24,640. महापालिकेचा मिळकतकर तुम्ही स्वतः 20,000 भरला असं उदाहरणापुरतं धरू. उरले 7,00,000. त्यातून दुरुस्ती-देखभालीसाठी म्हणून सरसकट 30 टक्के, म्हणजे 2,10,000 वजा होतात. त्यासाठी पावत्या लागत नाहीत. (सोसायटीचा मेंटेनन्स मात्र वेगळा वजा करता येत नाही.) करपात्र उत्पन्न 4,90,000. भारतात दुसरं उत्पन्न नसेल, तर त्या वर्षीच्या नव्या करप्रणालीत पहिल्या 3 लाखांवर शून्य आणि उरलेल्या 1,90,000 वर 5 टक्के, म्हणजे 9,500. उपकर धरून 9,880. नातेवाईक सांगतात ती «7 लाखांपर्यंत कर नाही» ही सवलत अनिवासींना मिळत नाही, नाहीतर हेही शून्य झालं असतं.

म्हणजे 2,14,760 रुपये परत यायचे आहेत. त्यासाठी आयटीआर-2 भरावं लागतं आणि पोर्टलवर तुमचं बँक खातं आधी पडताळलेलं असावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या रिटर्नमध्येही भारतात भरलेला कर म्हणून 9,880 च धरा. परत मिळणाऱ्या रकमेची वजावट तिथे घेता येत नाही.

तरीही वर्षभर दोन लाखांहून जास्त पैसे अडकून राहतात, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. त्यावर उपाय कलम 197 चा. मालकाने आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवर कमी दराने कपातीसाठीचा फॉर्म 13 भरायचा, मागच्या वर्षांची विवरणपत्रं, भाडेकरार आणि यंदाच्या उत्पन्नाचा अंदाज जोडायचा. अधिकाऱ्याला पटलं तर तो प्रत्यक्ष कराच्या जवळ जाणारा दर ठरवून देतो. मात्र हे प्रमाणपत्र त्या एका भाडेकरूच्या टॅनवर, त्या आर्थिक वर्षापुरतं आणि दिल्या तारखेपासून पुढे चालतं. मागचं कापलेलं त्याने परत येत नाही. म्हणून अर्ज एप्रिलमध्येच झालेला बरा, आणि भाडेकरू बदलला की नवा अर्ज. अर्ज तुमच्या लॉगिनमधून जातो; तुमच्या संमतीशिवाय आम्ही तो करू शकत नाही.

राहिला सिडनीला पैसे पाठवण्याचा प्रश्न. परदेशी स्थायिक झाल्यावर जुनं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपया खातं, करून घ्यावं लागतं. ते झालेलं नसेल तर बँक तिथेच थांबवते. एनआरओतून भाडं बाहेर नेण्यावर मर्यादा नाही, कारण ते चालू उत्पन्न आहे; वर्षाला 10 लाख डॉलरची मर्यादा फ्लॅट विकून आलेल्या पैशासारख्या भांडवली रकमांसाठी आहे. आर्थिक वर्षात पाठवलेली एकूण रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर पैसे बाहेर पाठवताना द्यायच्या घोषणेचा, म्हणजे फॉर्म 15CA चा, भाग ए तुम्ही स्वतः ऑनलाइन भरू शकता. तुमचं वर्षभराचं हातात आलेलं भाडं 4,95,360, म्हणजे तेवढंच पाठवलं असतं तर भाग ए पुरला असता, जरी काही बँका तरीही सीएचं पत्र मागतात.

9 लाखांसाठी मात्र आधी सीएचं 15CB प्रमाणपत्र आणि मग 15CA चा भाग सी लागतो. सीए भाडेकरार, 26AS आणि खात्याचा उतारा ताडून पाहतो. भाडेकरूचा 27Q दाखल झाल्याशिवाय कपात 26AS मध्ये दिसत नाही, म्हणून शेवटच्या तिमाहीसाठी थांबावं लागतं. घाई नसेल तर 5 लाखांच्या आतली रक्कम मार्चपर्यंत आणि बाकीची एप्रिलनंतर पाठवणं कायद्यात बसतं. बँक काय मागते ते मात्र आधी विचारून घ्या.

तुमचं आयटीआर-2 आणि फॉर्म 13 यांचा मसुदा करून ईमेलने पाठवतो. पासपोर्टवरच्या नोंदींवरून भारतात किती दिवस होतात ते कळवा, म्हणजे अनिवासी असल्याची नोंद नीट करता येईल. सिडनीच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या दुपारी, फोनवर बोलूया.