एक इंची चौकोनी पाइप आणि १८ दातांचं पान: ग्राहकाच्या तक्रारीवर दुकानाचं उत्तर

★☆☆☆☆ "खिडकीच्या ग्रिलची १२ एमएम सळई कापायला हॅकसॉ ब्लेड घेतलं. सळई मस्त कापली. मग रॅकसाठी एक इंची चौकोनी पाइप कापायला घेतला. सुरुवातीला छान चाललं आणि अचानक कट कट करून दात उडाले. फोटो टाकलाय. दुकानात गेलो तर बदलून द्यायचं सोडून 'बारीक दातांचं घ्या' म्हणे. नुसता विकायचा धंदा."

नमस्कार साहेब,

फोटो मोठा करून पाहिला. पानाच्या मध्यावर सात-आठ दात सलग गेलेत आणि दोन्ही बाजूंचे दात अजून धारदार आहेत. माल खराब असता, म्हणजे पानाला पाणी नीट चढलेलं नसतं, तर सगळे दात सारखे झिजून गोल झाले असते आणि पान सळईवरच घसरलं असतं. तसं पान आणलंत तर वापरलेलं असूनही बदलून देतो. तुमचे दात झिजलेले नाहीत, अडकून तुटलेत.

तुमच्या पानावर १८ आकडा आहे, म्हणजे एका इंचात १८ दात. दोन दातांमधलं अंतर साधारण १.४ मिमी. १२ मिमीच्या सळईत एका वेळी आठेक दात बसतात, जोर सगळ्यांवर वाटला जातो आणि दातांमधल्या खाचा मोठ्या असल्यामुळे कीस त्यात मावतो. म्हणून सळईला ते पान बरोबरच होतं.

पाइपचं गणित वेगळं. रॅकला लोक नेतात तो पाइप बहुतेक १८ गेजचा, म्हणजे भिंत १.२ मिमीच्या आसपास. तुम्ही पान वरच्या बाजूवर आडवं टेकवलंत तेव्हा त्याच्याखाली पूर्ण इंचभर लोखंड होतं, म्हणून 'सुरुवातीला छान चाललं'. वरची बाजू आरपार झाली आणि पान दोन उभ्या भिंतींवर उतरलं. आता प्रत्येक भिंतीची जाडी दोन दातांमधल्या अंतरापेक्षा कमी. भिंत सरळ खाचेत शिरते, पुढचा दात तिच्यावर आपटतो आणि तुम्ही दाबून ढकलता तेव्हा तो मोडतो. एक गेला की खाच दुप्पट रुंद होते, मग शेजारचाही जातो. कट कट आवाज त्याचाच.

कापताना निदान तीन दात तरी धातूवर असावेत, असा कारागिरांचा हिशेब असतो. बाजारात १४, १८, २४ आणि ३२ दातांची पानं येतात. खरं सांगायचं तर या पाइपच्या उभ्या भिंतीवर ३२ चं पानसुद्धा तीन दात टेकवत नाही, जेमतेम दीडच. म्हणून नुसतं पान बदलून भागत नाही, हातही बदलावा लागतो. ३२ चं पान लावा, दात पुढच्या दिशेला, आणि विंग नट चांगला आवळा. पाइप व्हाइसमध्ये धरून वरची बाजू आरपार होईपर्यंतच कापा. भिंतीत उतरू नका. पाइप फिरवा, पुढची बाजू वर आणा आणि आधीच्या कापाच्या टोकापासून पुन्हा आडवं कापा. अशा चारही बाजू घेतल्या की दरवेळी पानाखाली भरपूर लोखंड राहतं. पाइप आरपार होत आला की हात हलका करा, बहुतेक दात तिथेच जातात.

नळाच्या अर्ध्या इंची जीआय पाइपची भिंत अडीच मिमीच्या आसपास असते, त्याला २४ चं पान पुरतं. तोही फिरवत कापा. पत्र्याला फिरवायची सोय नाही. तो प्लायच्या दोन तुकड्यांत दाबून धरा आणि लाकडासकट कापा, किंवा पान अगदी तिरकं, जवळजवळ झोपवून चालवा. तीस अंशांवर १.२ मिमीचा पत्रा पानाला दुप्पट जाड लागतो, तेव्हा कुठे ३२ चे तीन दात बसतात.

मग सगळ्यांना ३२ चंच का देत नाही, असं पुष्कळजण विचारतात. त्याच्या खाचा एवढ्याशा, की जाड सळईत कीस भरून बसतो, दात धातूला लागतच नाहीत. पान नुसतं घासतं, तापतं, आणि तुम्ही घाम गाळत बसता. ॲल्युमिनियमच्या भरीव रॉडवर तर फारच लवकर चिकटतं. तिथे १४ किंवा १८.

राहिला विकायच्या धंद्याचा मुद्दा. आमच्याकडे १८ आणि ३२ चं पान एकाच भावाला आहे, त्यात आम्हाला काही जास्त सुटत नाही. तुटलेलं पान बदलून मिळणार नाही, पण फेकूही नका. तुटक्या दातांच्या शेजारचे दोन-तीन दात ग्राइंडरवर उताराला घासून घ्या, सळईला अजून चालेल.

पाइपचा उरलेला तुकडा आणि फ्रेम घेऊन या. काउंटरमागे व्हाइस आहे, आमचा पोरगा ३२ चं पान लावून एक काप तुमच्यासमोर करून दाखवेल. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.