आधी रगत, मग भाकरी

हॉस्पिटलातला दिवस घड्याळावर चालतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी सकाळी सातला माझ्या टेबलाशी येऊन बसावं. दिवस ठरवतात दोघंजण, एक पोट आणि दुसरं मूत्राशय. डॉक्टरांच्या वेळा, मशिनच्या वेळा, रिपोर्टच्या वेळा हे सगळं या दोघांची मर्जी सांभाळून बसवावं लागतं. ते बसवणं हे माझं काम. कोल्हापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात माझ्या हुद्द्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण पेशंट मला ‘चिठ्ठीवाल्या बाई’ म्हणतात.

डॉक्टर एका कागदावर तपासण्या लिहितात त्या त्यांना सुचतील त्या क्रमानं. त्या क्रमानं माणूस फिरवला तर अर्ध्या तपासण्या वाया जातात. तपासण्यांचंही भावकीसारखंच असतं, सगळ्या एकाच घरातल्या, पण कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं हे आधी बघावं लागतं.

परवाचे आबा पन्हाळ्याच्या बाजूचे. वय अडुसष्ट, साखर जुनी, त्यात प्रोस्टेटचा त्रास, चढावर छाती भरून येते. त्यामुळे कागदावर उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची साखर, लघवी, पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, इको, पट्ट्यावर चालायची स्ट्रेस टेस्ट आणि डोळ्यांचा पडदा. शिवाय हृदयाचे, साखरेचे आणि डोळ्यांचे असे तीन डॉक्टर. आणि हे सगळं एका दिवसात, कारण दुसऱ्या दिवशी आबांच्या उसाला तोड आली होती. तोड आली की आमच्या जिल्ह्यात लग्नाची तारीख हलते, तिथं सोनोग्राफीची काय कथा.

आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितलं, रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही नाही.

“च्या?”

“चहा नाही, आबा.”

“बिनसाखरंचा?”

“बिनसाखरेचाही नाही.”

“मग नुस्तं दूध?”

पित्ताशय उपाशीपोटी पित्तानं भरून फुगलेलं असतं, तेव्हाच त्यातला खडा नीट दिसतो. पोटात दूध गेलं की ते आकसतं आणि सोनोग्राफीचे डॉक्टर वैतागतात. हे सगळं सांगून झाल्यावर आबा म्हणाले, “बरं. आनि तंबाखू?” तंबाखूनं नाडी आणि बीपी चढतं, स्ट्रेस टेस्टच्या दिवशी तीही नको, असं सांगितल्यावर पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग साखरेची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, सोबत आणायची, हे मी काकूंना फोन देऊन सांगितलं. नाडी मंदावणारी एक गोळी चालू होती, ती घ्यायची की थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून कळवलं. असल्या गोळ्या माझ्या अधिकारात नाहीत, आणि आबांच्या तर नाहीतच.

सकाळी साडेसातला दोघं फटफटीवर हजर. “उपाशी आहात ना?” हा प्रश्न मी विचारतच नाही, त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, “शेवटचं तोंडात काय गेलं आणि कधी?” आबा म्हणाले, “गंगावेशीत हिनं धारोष्ण दूध पिलं. मी म्हशीकडं बगत हुबा हुतो.” काकूंनी पदरानं ओठ पुसले. मिशी मी तरीही तपासली. कोरडी होती.

रक्त घेतलं, लघवीचा नमुना घेतला. आता पाणी. प्रोस्टेट आणि मूत्राशय बघायला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून चार-पाच ग्लास पाणी प्यायचं आणि तासभर धरून ठेवायचं. “लघवी लागली की मला सांगा, जाऊ नका,” हे वाक्य मी आबांना सांगितलं, काकूंना सांगितलं, आणि आबांकडून परत म्हणवून घेतलं. सोनोग्राफीचा नंबर सव्वानऊचा. नऊ वाजता आबा कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून अतिशय समाधानी चेहऱ्यानं येताना दिसले. तो चेहरा मी ओळखते.

“आबा, गेलासा?”

“लागली म्हनून गेलो. आनि तुमाला सांगायचं म्हनलं तर तुमी फोनवर.”

प्रोस्टेटवाल्याला “धरून ठेवा” सांगणं म्हणजे ज्याचा त्रास आहे त्यालाच शिस्त लावणं. चूक आबांची नव्हती. पण अशा वेळी नवखा माणूस पेशंटला पुन्हा पाणी पाजतो आणि पुन्हा तासभर उपाशी बसवतो. साखरेचा पेशंट, रात्री नऊपासून पोटात अन्न नाही, तो घामाघूम होऊन माझ्याच टेबलावर डोकं टेकणार. वास्तविक उपाशी राहायची गरज पित्ताशयाला असते, मूत्राशयाला जेवणाशी काही देणंघेणं नसतं. म्हणून सोनोग्राफीच्या डॉक्टरांना विनंती केली, आत्ता वरचं पोट बघा, यकृत, पित्ताशय, किडन्या. खालचं नंतर. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि हो म्हणाले.

साडेनऊला आबा मोकळे झाले आणि काकूंनी डबा उघडला. दोन भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. आबांच्या मनात मिसळ होती, पण स्ट्रेस टेस्टला पोट हलकं लागतं, आणि जेवणानंतरची साखर बघायची तर रोजचंच जेवण पोटात हवं. मिसळीवर बंदी घातलेली बाई म्हणून या शहरात माझी काय प्रतिमा होत असेल याचा मी विचार करत नाही.

पहिला घास तोंडात गेला तेव्हा मी चिठ्ठीवर ९.३५ लिहिलं. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, डबा झाकल्यापासून नाही. गोळी जेवणासोबत, सोबत भरपूर पाणी, म्हणजे खालच्या सोनोग्राफीचीही सोय आपोआप होते. ११.३५ला दुसरं रक्त.

“एकदाच जास्त काडून ठेवा की,” आबा म्हणाले.

“आबा, सकाळच्या रक्ताला भाकरी माहीत नाही.”

हे त्यांना पटलं. मग मात्र त्यांनी जो बेत काढला त्यानं माझ्या काळजात धस्स झालं. “दोन तास रिकामंच हाय तर अंबाबाईला जाऊन येतो चालत.” आता देवीला नाही कुणी म्हणायचं? पण भाकरी खाऊन चालत महाद्वारात जाऊन आलं की स्नायू साखर वापरतात आणि आकडा खाली येतो. रिपोर्टवर साखर आटोक्यात, घरी गेल्यावर जशीच्या तशी. डॉक्टर गोळी वाढवत नाहीत आणि तीन महिन्यांची साखर कागदावरून वाकुल्या दाखवते. ती चढलेली आणि जेवणानंतरची मात्र सरळ दिसली की मी पहिला प्रश्न विचारते, मधल्या वेळात कुठं गेला होता? याच कारणानं पट्ट्यावरची टेस्टही या दोन तासांत घालता येत नाही. दुसरा धोका काकू. पिशवीतून शेंगदाणे निघाले, “दोनच” म्हणून. दोन नाहीत आणि अर्धाही नाही.

हे दोन तास वाया जात नाहीत. बसून आणि झोपून होणारं सगळं यातच उरकायचं. पाऊण तासानं मूत्राशय भरलं, खालची सोनोग्राफी झाली, मग आबांना अधिकृत परवानगीनं लघवीला पाठवलं आणि परत येताच किती उरली ते डॉक्टरांनी मोजलं. “जायच्या आदी बी मोजत्यात, आल्यावर बी मोजत्यात. ऊस बी असा वजन करत न्हाईत,” आबा पुटपुटले. मग ईसीजी, मग इको. इको स्ट्रेस टेस्टच्या आधी व्हायलाच हवा. झडप फार अरुंद असेल किंवा दुसरं काही निघालं, तर त्या माणसाला पट्ट्यावर पळवणं धोक्याचं. कागद हृदयाच्या डॉक्टरांनी बघितले, चालवायला हरकत नाही म्हणाले, तेव्हा मी श्वास सोडला.

याच मधल्या वेळात मी काकूंना दिवसाचा क्रम सांगितला होता. आमच्याकडं छापील तक्ता आहे, खोल्यांचे नंबर आणि बाणांसकट. काकूंनी तो घडी करून पिशवीत घातला आणि म्हणाल्या, “आदी रगत, मग पानी, मग पोटाचा फोटू, मग भाकरी, मग गप बसायचं, मग रगत, मग पळायचं, मग च्या, मग डोळं. बराबर?” तक्ता करणाऱ्यांनी बैठका घेतल्या होत्या. मी काकूंचं वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि आता सगळ्यांना तेच सांगते.

११.३५ला रक्त. सव्वाबाराला पट्टा. आबा धोतरात आणि करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी पायताणात. पट्टा दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतो, त्यावर आमच्या पायताणाचा नाद चालत नाही. पुतण्याची पँट आणि कॅनव्हासचे बूट आणायला सांगितलेच होते. छातीवरचे केस काढून तारा चिकटवल्यावर आबा आरशात बघून गप्प झाले. पण चालले झकास. उतरल्यावर एकच तक्रार, “एवडं चाललो, पन पोचलो कुटंच न्हाई.” त्यानंतरचा चहा त्यांनी ज्या तऱ्हेनं प्यायला तो बघून कँटीनवाल्यानं पैसे घेताना हात आखडता घेतला.

पावणेदोनला रिपोर्ट आले आणि साखरेच्या डॉक्टरांची गाठ दोन वाजायच्या आत पडली. गोळ्या बदलल्या. कुठली सकाळी, कुठली रात्री, हे आबांनी पाकिटांवरची अक्षरं वाचून पाठ केलं. डोळे मी शेवटी ठेवते ते याचसाठी. थेंब टाकले की बाहुल्या मोठ्या व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण नंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाकडं बघवत नाही. थेंब आधी टाकले असते तर आबांनी रात्रीची गोळी सकाळी घेतली असती आणि पट्ट्यावर पाऊल भलतीकडंच टाकलं असतं.

डोळ्यांचे डॉक्टर चारला बसले. पडदा बघून झाला आणि आबांनी खिशातून फटफटीची किल्ली काढली. मी हात पुढं केला.

“पोरी, पन्हाळ्याचा रस्ता मी डोळं झाकून बी जातो.”

“आज उघडे ठेवून जाता यायचं नाही, हाच घोळ आहे.”

शिरोली एमआयडीसीतल्या पुतण्याला मी दुपारीच फोन करून ठेवला होता. पहिली पाळी सुटल्यावर तो आला. काकूंना एसटीत बसवलं, आबा काळा चष्मा लावून पुतण्याच्या मागं बसले. गेटातून बाहेर पडायच्या आत सूचना सुरू, “डावीकडनं घे, म्होरं खड्डा हाय.” पुतण्या म्हणाला, दिसतंय व्हय तुमाला? आबा म्हणाले, “दिसत न्हाई, पन खड्डा कुटं जातोय?”