फॅमिली प्लॅन, लेव्हल टेस्ट आणि पुण्याची गाडी: आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (१ तारा): "जर्मनसाठी वर्षभराचा फॅमिली प्लॅन घेतला. अमर्याद सराव म्हणतात आणि मुलीला लेव्हल टेस्टच देऊ देत नाही, 'प्रयत्न संपले'. माझे स्वतःचे धडे एकदम बाळबोध झाले. पुण्याच्या गाडीत ऑफलाइन धडे उघडले नाहीत. मेलला उत्तर नाही. अ‍ॅप काढून टाकलं. नुसती लूट."

नमस्कार भाऊ,

प्रवासात मुलीचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बडनेऱ्यानंतर नेटवर्क कसं येतं-जातं ते आम्हालाही ठाऊक आहे.

पण 'लूट' हा शब्द लागला. नागपुरात बर्डीवर दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको आणि दोन पोरं हे अ‍ॅप चालवून राहिलो. म्हणून तुमच्या खात्याची नोंद बसून पाहिली. नाव-नंबर इथे लिहीत नाही, घडलं ते सांगतो.

प्लॅन फॅमिलीचाच आहे, पण त्यात प्रोफाइल एकच आहे, तुमचं. घरातले तिन्ही फोन त्याच लॉगिनवर चालू होते. त्या संध्याकाळी आधी एक टेस्ट झाली, निकाल बी१, म्हणजे मधली पातळी. तो तुमचा असणार, कारण जर्मन तुम्ही आधी शिकला आहात असं मेलमध्ये लिहिलंय. तासाभराने दुसरी टेस्ट, निकाल ए१, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी. ती बहुधा वहिनींनी दिली. अ‍ॅपला माणूस बदललेला कळत नाही. त्याला वाटलं तुम्हीच परत टेस्ट दिली, म्हणून त्याने नवा निकाल धरला आणि तुमचे बी१चे धडे 'मी, तू, तो'वर आणून ठेवले. मुलगी तिसरी बसली तेव्हा दार बंद झालं होतं.

दोनच प्रयत्न का, ते सांगतो, कारण राग तिथेच आहे. सरावाला पैसे भरणाऱ्यांना खरंच मर्यादा नाही, दिवसाला पाच चुकांची अट फुकट वापरणाऱ्यांना आहे. टेस्टचं तसं नाही. प्रश्न बरोबर आला की पुढचा कठीण येतो, चुकला की सोपा, आणि उत्तरं एका पातळीभोवती स्थिरावली की टेस्ट थांबते. याला प्रत्येक पातळीचे न पाहिलेले प्रश्न लागतात. तोच माणूस लागोपाठ बसला तर प्रश्न ओळखीचे होतात, निकाल फुगतो, आणि मग बी१च्या धड्यात क्रियापद कुठे ठेवायचं तेच कळत नाही. म्हणून एका प्रोफाइलला ३० दिवसांत दोन टेस्ट. पैसे जास्त भरले तरी तेवढ्याच. हे प्लॅनच्या पानावर लिहिलेलं आहे (बारीक अक्षरात आहे, तेही कबूल).

गाडीतली अडचणही इथूनच आली. धडे तुम्ही पहिल्या टेस्टनंतर उतरवले, म्हणजे बी१चे. दुसऱ्या टेस्टने यादी ए१ची केली, पण त्या धड्यांचा आवाज फोनमध्ये उतरलेलाच नव्हता. नावं दिसली, धडा उघडला नाही. पुढच्या वेळी घरूनच विमान मोड लावून एक धडा शेवटपर्यंत चालवून बघा. नुसती यादी दिसली म्हणजे धडा उतरला असं नाही.

प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं हवं, हे गुगलच्या फॅमिली ग्रुपने होत नाही. तुम्ही वहिनींना तिथे जोडलंय असं लिहिलंत, पण प्लेवरची वर्गणी त्या ग्रुपमधून घरच्यांना आपोआप मिळत नाही. आमच्या अ‍ॅपमध्ये 'कुटुंब' उघडून आमंत्रण पाठवावं लागतं आणि समोरच्याने ते स्वतःच्या लॉगिनने स्वीकारावं लागतं. तुमची दोन्ही आमंत्रणं न पाठवता पडून आहेत.

मेलचं म्हणाल तर तो शनिवारी रात्री पावणेबाराला आला आणि अभिप्राय रविवारी सकाळी सातला. मधल्या वेळात आम्ही झोपलो होतो भाऊ.

आता काय केलं ते. तुमची पातळी परत बी१ केली आहे, ए१च्या त्या संध्याकाळच्या नोंदी काढल्या आहेत. वहिनी आणि मुलगी आपापल्या लॉगिनने आल्या की दोघींना टेस्ट कोरी मिळेल, ३० दिवस थांबायला नको. सूचना ठळक करायचंही पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये बघतो.

तरीही नकोच असेल, तर अ‍ॅप फोनमधून काढल्याने वर्गणी बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये 'सबस्क्रिप्शन'मध्ये जाऊन ती रद्द करा, नाहीतर पुढच्या वर्षी पैसे कापले जातील आणि तेव्हाही तारा आमचाच जाईल. पैसे परत हवे असतील तर त्याच मेलवर एक ओळ लिहा, सोमवार ते शनिवार दहा ते सहा मी स्वतः बघतो.