नऊ वर्षं राहतोय, आणि पत्र आलं बारा दिवस आधी

करार संपायला बारा दिवस उरले असताना घरमालकांचं पत्र हातात पडलं. पत्रावरची तारीख मात्र तब्बल महिनाभरापूर्वीची. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर "मी महिनाभर आधी कळवलं होतं" असं म्हणायची सोय आधीच करून ठेवलेली! बारा दिवसांत माणसाने दुसरं घर शोधायचं, सामान बांधायचं, की मुकाट्याने सही करायची? सही करावी म्हणूनच उशीर केलाय, हे मला कळत नाही असं त्यांना वाटतं का?

भाडं १८ टक्क्यांनी वाढवायचं म्हणे. कारण पहिलं, इमारतीचा देखभाल खर्च ३० टक्क्यांनी वाढला. वाचताना वाटतं, अरे बापरे, ३० टक्के वाढला आणि हे बिचारे १८च मागतायत. इथेच माणूस फसतो. देखभालीची बिलं माझ्याच दाराखालून सरकवली जातात, मला आकडे माहीत आहेत. मी १०० भाडं देतो असं धरा, तर त्यातले १२ देखभालीला जातात. त्या १२चे ३० टक्के म्हणजे ३.६. घराचा कर भाड्याच्या ४ टक्के, तो १० टक्क्यांनी वाढला, म्हणजे आणखी ०.४. झाले एकूण ४. खर्च वाढला म्हणून भाडं वाढवायचं तर १०४ करा, मी हूं की चूं करणार नाही. वरचे १४ कशाचे? त्याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

नाही कशी, आहे की, "परिसरातील चालू दर"! चालू दर म्हणजे जाहिरातीत मागितलेला दर. तो मिळाला का, किती घासाघीस झाली, घर किती महिने रिकामं पडलं, हे जाहिरातीत कोण लिहितं? आणि तुलना कोणत्या घराशी? रंग नवा, नळ नवे, भिंती कोरड्या अशा घराशी. माझ्या मोरीची भिंत तीन पावसाळे ओली आहे. पोपडे मी खरवडतो, रंग मी मारतो, आणि दर मात्र कोरड्या भिंतीच्या घराचा द्यायचा!

या माणसाने स्वतःचा तरी हिशेब केलाय का, याचा मला जास्त संताप येतो. मी गेलो आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर एक महिन्याचं भाडं बुडालं. दलालाने एक महिन्याचं भाडं घेतलं, की दोन महिने गेले. १८ टक्के वाढीतून वर्षभरात मिळणार साधारण सव्वादोन महिन्यांचं भाडं. म्हणजे पहिल्या वर्षाची जवळजवळ सगळी वाढ तिथेच संपली, रंगरंगोटीचा खर्च वेगळाच. नऊ वर्षांत भाडं एक दिवस उशिरा दिलं नाही, त्याची किंमत शून्य?

आणि खरी मेख पत्रात नाहीच, सोबतच्या मसुद्यात आहे. पत्रात लिहिलंय "इतर अटी पूर्वीप्रमाणे". मी रात्री जुना करार शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. आधी घर सोडायला किंवा सोडायला लावायला दोघांनाही दोन महिन्यांची सूचना होती. आता मला दोन महिने, त्यांना एक! किरकोळ दुरुस्ती माझ्याकडे होती, त्यातला "किरकोळ" हा शब्दच काढलाय. तेवढा एक शब्द गेला की ओली भिंतही माझ्या गळ्यात. शिवाय दर वर्षी आपोआप १० टक्के वाढ. १०० चे ११८, मग १२९.८, मग जवळपास १४३. तिसऱ्या वर्षी भाडं ४३ टक्के जास्त, आणि पत्रात दिसतात फक्त १८. ही फसवणूक नाही तर काय आहे?

फोनवर म्हणाले, "अहो, तुम्ही तर घरचेच. सही करून टाका, बाकीचं बघू." घरच्या माणसाच्या करारातला शब्द गुपचूप कोण काढतं?

मी सही केली नाही. लेखी उत्तर दिलंय, पोच घेतलीय. यंदा ६ टक्के, पुढच्या वर्षी ५, त्यापुढचं तेव्हा बोलून. सूचनेचा काळ दोघांना सारखा. "किरकोळ" शब्द परत. भिंतीची गळती आधी थांबवायची, त्याची तारीख करारात घालायची, आणि वाढीव भाडं त्या दिवसानंतर सुरू. ४ खर्चाचे आणि २ वरचे मी स्वतःहून देतोय, कारण घरमालकालाही चार पैसे सुटावेत हे मला मान्य आहे.

सहा दिवस झाले, उत्तर नाही. काल मात्र दोन अनोळखी माणसं घर बघायला दारात उभी होती. मला न विचारता, न कळवता! मी त्यांना आत घेतलं आणि पहिल्यांदा मोरीची भिंत दाखवली.